फ्लू नंतरचा न्यूमोनिया आणि अँटिबायोटिक: ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. पावसाळा सुरू झाला की आणि परत जानेवारी-फेब्रुवारीत फ्लूचे पेशंट वाढतात, आणि तेच तेच प्रश्न येतात. निम्मे लोक नको तेव्हा अँटिबायोटिक मागतात आणि थोडे लोक हवं तेव्हा घरी बसून राहतात, म्हणून हे एकदा नीट टाइप करून ठेवतोय.

ताप तर उतरला होता, मग चार दिवसांनी परत का चढला?

हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतलाय कारण या अख्ख्या विषयात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. साध्या फ्लूचा ताप एकदम चढतो, अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, आणि तीन ते पाच दिवसांत ताप हळूहळू खाली येतो. खोकला आणि थकवा मात्र दोन-दोन आठवडे रेंगाळतो आणि ते चालतं. पण माणूस बरा व्हायला लागलाय, जेवायला लागलाय, कामावर जायचं म्हणतोय आणि अशात पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास परत हुडहुडी भरून ताप आला, तर तो "फ्लू उलटला" असं समजून पॅरासिटामॉल घेत बसायचं नाही. हा बहुतेक वेळा दुसराच आजार असतो. फ्लूने वाट मोकळी केली आणि त्या वाटेने बॅक्टेरिया छातीत उतरले.

म्हणून मी पेशंटला थर्मामीटरपेक्षा कॅलेंडर विचारतो. पहिला ताप कुठल्या वारी आला, कधी उतरला, मधे किती दिवस बरं वाटलं. या तीन उत्तरांत अर्धं निदान होतं.

फ्लू तर व्हायरसचा असतो ना? मग हे बॅक्टेरिया येतात कुठून?

बाहेरून यायची गरजच नसते, ते आपल्याच नाका-घशात बसलेले असतात. न्यूमोकोकस अनेकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या नाकात काही त्रास न देता राहतो, स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे थोडक्यात स्टॅफ, साधारण तीन-चार माणसांतल्या एकाच्या नाकात असतो. एरवी ते खाली फुप्फुसात पोचत नाहीत, कारण श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते सतत वरच्या दिशेला हलत कफ आणि त्यातली घाण घशाकडे ढकलत राहतात, म्हणजे घरात कुणीतरी चोवीस तास झाडू मारतंय असं समजा.

फ्लूचा व्हायरस नेमका याच अस्तरावर हल्ला करतो. पेशी मरून सोलवटून निघतात, झाडू बंद पडतो, आणि खालचा उघडा पडलेला थर बॅक्टेरियाला चिकटायला सोयीचा असतो. त्यात व्हायरसकडे न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेशींवरची साखरेची टोकं तोडतं, त्यामुळे न्यूमोकोकसला धरायला जागा मिळते आणि वर ती तुटलेली साखर खायलाही मिळते. शिवाय आपली प्रतिकारशक्ती व्हायरसशी लढण्यात इतकी गुंतलेली असते की बॅक्टेरिया गिळणाऱ्या पेशी काही दिवस कमी पडतात. हे सगळं पहिल्या दिवशी होत नाही, साधारण आठवड्याच्या आसपास ही कमजोरी सगळ्यात जास्त असते. पाचव्या-सातव्या दिवसाचं गणित इथून येतं.

१९१८ च्या साथीत नेमकं हेच झालं. जूनमध्ये मुंबईत ती आली, सप्टेंबरपासूनची दुसरी लाट जास्त भयानक होती. त्या काळातल्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने आणि जुने शवविच्छेदनाचे रिपोर्ट पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा असं दिसलं की जगभरातले बहुसंख्य मृत्यू फ्लूनंतर आलेल्या बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाने झाले होते. तेव्हा पेनिसिलिन नव्हतंच. पण २००९ च्या स्वाईन फ्लूच्या वेळी सगळी औषधं होती तरी अमेरिकेत ७७ मृत्यूंमधले फुप्फुसाचे नमुने तपासले तर २२ मध्ये बॅक्टेरिया सापडले.

मग पहिल्याच दिवशी अझिथ्रोमायसिनचा कोर्स घेतलेला काय वाईट? पुढचा न्यूमोनिया तरी टळेल.

टळत नाही हो. हा समज इतका पक्का बसलाय की मेडिकलवाला पण मागितल्या-मागितल्या पट्टी काढून देतो. पहिल्या दिवशी फुप्फुसात बॅक्टेरिया नाहीतच, तर औषध मारणार कुणाला? ते मारतं नाका-घशातल्या साध्या, औषधाला दाद देणाऱ्या बॅक्टेरियांना, आणि मागे उरतात ते न जुमानणारे. पुढे सातव्या दिवशी खरंच न्यूमोनिया झाला तर तो उरलेल्यांपैकीच कुणीतरी करतो, आणि हातातलं एक औषध आधीच वाया गेलेलं असतं. आपल्याकडे न्यूमोकोकसमध्ये अझिथ्रोला दाद न देणारे बरेच झालेत, त्यामुळे "तीन गोळ्यांचा कोर्स" हा माझ्या मते फ्लूमधला सगळ्यात निरुपयोगी खर्च आहे. आणि चौथ्या दिवशी ताप उतरला की श्रेय गोळीला जातं, तो तसाही उतरणारच होता.

एखादी केस सांगा ना, नक्की कसं घडतं ते कळेल.

सांगतो, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. वय ५८, रिटायर्ड कंडक्टर, डायबेटिस आहे, तंबाखू-बिडी दोन्ही. रविवारी रात्री थंडी वाजून १०२ ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. सोमवारी शेजाऱ्याच्या सल्ल्याने मेडिकलमधून अझिथ्रो ५०० च्या तीन गोळ्या. मंगळवारी माझ्याकडे आले. छाती साफ, ऑक्सिजन ९७, श्वास मिनिटाला १८. वय आणि शुगर बघता फ्लूचं औषध म्हणजे ऑसेल्टामिविर ७५, दिवसातून दोनदा, पाच दिवसांसाठी लिहून दिलं, आणि बायकोला बजावलं की ताप उतरून परत आला तर फोन नाही करायचा, सरळ घेऊन यायचं.

गुरुवारी ताप गेला. शुक्रवारी चहा-भाकरी खाल्ली, शनिवारी शेतावर चक्कर मारून आले. रविवारी संध्याकाळी दात वाजतील अशी हुडहुडी, ताप १०३, आणि श्वास आत घेतला की उजव्या बरगडीखाली सुरी मारल्यासारखं दुखायला लागलं. रात्रभर शेक दिला. सोमवारी सकाळी आले तेव्हा कफ विटकरी रंगाचा, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९१, बीपी १०४/६४, शुगर ३४०. स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे खाली करकर आवाज. एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ठसठशीत डाग. पांढऱ्या पेशी १७,८००.

ॲडमिट केलं. आधी कुठला बॅक्टेरिया आहे ते वाढवून बघायला ब्लड कल्चर आणि कफाचा नमुना घेतला आणि लगेच सेफ्ट्रायाक्झोन शिरेतून चालू केलं, जोडीला डॉक्सिसायक्लिन, कारण अझिथ्रो नुकतंच खाऊन झालं होतं आणि आठवड्यापूर्वी घेतलेल्या गटातलं औषध परत निवडण्यात अर्थ नसतो. ऑक्सिजन, इन्सुलिन. दुसऱ्या दिवशीही ताप होता, नातेवाईक म्हणाले औषध बदला. मी नाही बदललं, कारण श्वास २८ वरून २४ वर आला होता, औषधाला ४८ ते ७२ तास द्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, कल्चरमध्ये न्यूमोकोकस आला, अझिथ्रोच्या गटाला दाद न देणारा पण पेनिसिलिनच्या गटाला व्यवस्थित दाद देणारा. मग महागडं काही न वाढवता उलट कमी केलं, तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊन घरी पाठवलं, सगळे मिळून सात दिवस.

नक्की कुठल्या वेळी डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात?

फ्लूमध्ये मुख्यतः तीन प्रसंगांत.

पहिला प्रसंग वरच्या केसचा, बरं वाटून परत बिघडलं. यात मी वाट बघत नाही, तपासतो, नमुने घेतो आणि सुरू करतो.

दुसरा म्हणजे पहिल्यापासूनच आजार जोरात आहे. आल्या-आल्या धाप लागलेली, ऑक्सिजन कमी, बीपी खाली, एक्सरेत दोन्हीकडे पसरलेला न्यूमोनिया. हा एकट्या व्हायरसचाही असू शकतो, पण दारात उभं राहून ते ओळखता येत नाही आणि चूक झाली तर जीव जातो, म्हणून फ्लूचं औषध आणि अँटिबायोटिक दोन्ही एकदम चालू करतात. दोन-तीन दिवसांत कल्चरमध्ये काही आलं नाही, पेशंट सुधारला, प्रोकॅल्सिटोनिन नावाची टेस्ट कमी आली तर अँटिबायोटिक थांबवता येतं. सुरू केलं म्हणजे कोर्स पूर्ण केलाच पाहिजे असं इथे नसतं, फक्त ते डॉक्टरने थांबवायचं.

तिसरा थोडा धूसर आहे. ऑसेल्टामिविर चालू करून तीन ते पाच दिवस झाले आणि ताप-खोकला जराही हलला नाही. इथे "विचार करायचा" एवढंच, डोळे मिटून द्यायचं नाही. छाती ऐकायची, एक्सरे काढायचा, कधीकधी निघतो टीबी, कधी डेंग्यू.

या तिन्हीत न बसणारा, म्हणजे ताप १०३ आहे पण दिवस दुसरा आहे, श्वास नॉर्मल आहे, पाणी पितोय, बोलतोय, त्याला अँटिबायोटिक नको. ताप किती चढला यावरून व्हायरस की बॅक्टेरिया हे कळत नाही.

कफ पिवळा-हिरवा झालाय, म्हणजे इन्फेक्शन झालंच ना?

नाही. हिरवा रंग बॅक्टेरियाचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट एन्झाइम असतं, त्या पेशी मेल्या की कफात तो रंग उतरतो. साध्या सर्दीत पण चौथ्या दिवशी शेंबूड हिरवा होतोच की. विटकरी किंवा रक्त मिसळलेला कफ, आणि सोबत नवीन ताप आणि धाप, हे मात्र वेगळं प्रकरण आहे.

घरी काय बघायचं? ऑक्सिमीटर आहे आमच्याकडे.

कोविडमध्ये घेतलेला ना, सेल बदला आधी. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर तो काहीही दाखवतो, हात चोळून गरम करून अर्धा मिनिट थांबून आकडा बघा. ९४ च्या खाली सतत येत असेल तर दवाखान्यात या. पण त्याहून भरवशाची गोष्ट फुकट आहे, श्वास मोजणं. माणूस शांत बसलेला किंवा झोपलेला असताना पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजायचं, त्याला न सांगता, सांगितलं की तो वेगळाच श्वास घेतो. मोठ्या माणसात ३० किंवा जास्त म्हणजे सरळ हॉस्पिटल, २४-२५ च्या वर गेला तरी त्याच दिवशी दाखवा. म्हातारी माणसं फसवतात, त्यांना ताप येईलच असं नाही, आजी नुसतीच गप्प झाली, भलतंच बोलायला लागली, जेवण सोडलं, एवढंच लक्षण असू शकतं.

आणि लहान मुलांचं?

मुलांमध्ये पण श्वासच मोजायचा, आकडे वेगळे. दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६०, आणि इतक्या लहान बाळाला नुसता ताप आला तरी मोजत बसू नका, निघा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडतंय म्हणतात, तर रात्र काढायची नाही. आणि फ्लूमध्ये मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही, त्याने लिव्हर आणि मेंदूवर परिणाम होणारा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

रक्ताच्या टेस्टवरून कळत नाही का व्हायरस की बॅक्टेरिया?

एकट्या टेस्टवरून नाही. साध्या फ्लूत पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमी असतात, बॅक्टेरियाच्या न्यूमोनियात बहुधा वाढतात, शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी पण भरपूर चढतो. पण सीआरपी जोरदार फ्लूमध्येही चढतो, आणि सगळ्यात भीतीदायक स्टॅफच्या न्यूमोनियात पांढऱ्या पेशी उलट धाडकन खाली जातात. प्रोकॅल्सिटोनिन सुरू करायचं की नाही यापेक्षा थांबवायचं का हे ठरवायला जास्त कामाचं आहे. एक्सरे मात्र हवाच, फक्त अगदी सुरुवातीला काढला तर डाग उमटलेला नसू शकतो. आणि जाता जाता, प्रत्येक तापात विडाल टेस्ट करून "टायफॉइडचे अंश" काढायची जी पद्धत आहे त्याने इथे फक्त गोंधळ वाढतो.

स्टॅफचा न्यूमोनिया भीतीदायक का?

वेगामुळे. न्यूमोकोकस शक्यतो एखाद-दोन दिवस देतो, स्टॅफ कधीकधी तासांचा खेळ करतो. तरुण, धडधाकट मुलगा, फ्लूचा तिसरा-चौथा दिवस, सकाळी बोलत होता आणि रात्री व्हेंटिलेटरवर, कफात रक्त, एक्सरेत फुप्फुसात पोकळ्या. यातले काही स्टॅफ नेहमीच्या सेफ्ट्रायाक्झोन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गटाला जुमानत नाहीत, त्यांना एमआरएसए म्हणतात आणि त्यासाठी व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड लागतं. म्हणून फ्लूनंतर असा झपाट्याने कोसळणारा पेशंट आला की आयसीयूत ही औषधं पहिल्या तासापासून लावतात आणि कल्चरमध्ये एमआरएसए नाही निघाला की काढतात. अशा पेशंटला तालुक्याला ठेवून घेणं म्हणजे वेळ घालवणं, मी ऑक्सिजन लावून पहिला डोस देऊन जिल्ह्याला पाठवतो.

साध्या न्यूमोनियाला गोळ्या चालतात का, की सलाईन लागतंच?

श्वास ठीक, ऑक्सिजन ठीक, बीपी ठीक, डोकं जागेवर, तोंडाने खातोय, वय फार नाही, तर गोळ्यांवर घरी बरा होतो. फ्लूनंतरच्या न्यूमोनियात मी शक्यतो अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट निवडतो कारण त्यात न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि साधा स्टॅफ तिन्ही येतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, मग यादी बदलते. कमीत कमी पाच दिवस, आणि थांबवताना ताप जाऊन दोन-तीन दिवस झालेले असावेत. ४८ तासांनी एकदा परत दाखवायचं, हे टाळू नका.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो, लिव्होफ्लॉक्सासिन स्वतःहून घेऊ नका आणि कुणी सहज लिहून देत असेल तर विचारा. हे औषध टीबीच्या जंतूवर पण थोडंफार चालतं. छातीत टीबी असेल तर आठ दिवस बरं वाटतं, कफाची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि खरं निदान पुढे ढकललं जातं. आपल्या भागात टीबी इतका आहे की मी हा धोका घेत नाही.

कल्चर रिपोर्टवर "हिमोफिलस इन्फ्लुएन्झा" आलंय. म्हणजे फ्लूच आहे ना, मग अँटिबायोटिक कशाला?

हा प्रश्न मला एका इंजिनियर मुलाने वडिलांचा रिपोर्ट दाखवून विचारला होता आणि चूक त्याची नाही, नावाची आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या पेशंटच्या कफात हा बॅक्टेरिया सापडला आणि त्यांना वाटलं हाच फ्लूचं कारण. खरा व्हायरस माणसात सापडायला १९३३ उजाडलं, तोपर्यंत नाव चिकटलं होतं. म्हणजे फायफरनी बघितला तो चोराच्या मागून घरात शिरलेला दुसरा चोर. तो बॅक्टेरियाच आहे, त्याला अँटिबायोटिक लागतं.

अँटिबायोटिक सुरू झालं, मग फ्लूच्या गोळ्या बंद करायच्या?

नाही, पाच दिवसांचा कोर्स चालू असेल तर पूर्ण करा. ऑसेल्टामिविर ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, पण ॲडमिट करण्याइतका आजार असेल तर उशीर झाला तरी देतात. उलट स्टिरॉइडचं इंजेक्शन, जे "एक सुई मारा, लगेच बरं वाटतं" म्हणून मागतात, ते साध्या फ्लूत नको. ताप दडपला जातो, तो दुसरा ताप आम्हाला दिसतच नाही, आणि शुगर वाढते ती वेगळी. दम्यासाठी आधीपासून चालू असेल तर मात्र बंद करू नका.

लसीने हे टळतं का?

बरंचसं. फ्लूची लस दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. न्यूमोकोकसची लस वेगळी असते, ती फ्लू थांबवत नाही पण मागून येणाऱ्यांपैकी सर्वात नेहमीच्याला अडवते. बाळांना २०२१ पासून ती सरकारी लसीकरणात देशभर मोफत मिळते. ६५ च्या पुढचे, डायबेटिस, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले, यांनी डॉक्टरला विचारून दोन्ही घ्याव्यात. स्टॅफवर लस नाही.

न्यूमोनिया बरा झाला म्हणाले पण खोकला जात नाही, परत अँटिबायोटिक घेऊ का?

ताप नाही, भूक परत आली, श्वास नॉर्मल, तर नको. अस्तर परत उगवायला, तो झाडू परत चालू व्हायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत खोकला राहतो. एक्सरेतला डाग पण सहा-सहा आठवडे दिसत राहतो, म्हणून दर आठवड्याला एक्सरे काढून घाबरू नका. आमच्या कंडक्टर काकांचा मी सहा आठवड्यांनी परत काढला, तो बिडीमुळे, त्या डागाच्या मागे दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायला. साफ होता. खोकला अजून थोडा होता, बिडी पण.